अ‍ॅपवरची जाहिरात आणि ठेकेदाराची हाजरी: बडोद्यात कंपनीत काम शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मकरपुरा, मांजुसर, वाघोडिया, नंदेसरी, पोर-रमणगामडी किंवा हलोलच्या कंपन्यांत हेल्पर, पॅकर किंवा शिकाऊ ऑपरेटर म्हणून काम शोधणाऱ्या, फार शिकता न आलेल्या आपल्या मराठी माणसांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बांधकाम, घरकाम आणि डिलिव्हरीचं गणित वेगळं असतं, म्हणून ते इथे घेतलेलं नाही.

अ‍ॅपवरून काम शोधावं की सरळ ठेकेदाराकडे जावं?

कंपनीच्या कामापुरते हे दोन रस्ते वेगळे नाहीतच. अपना, वर्कइंडिया, जॉब है अशा अ‍ॅपवर तुम्ही ‘हेल्पर, मांजुसर’ अशी जाहिरात पाहता, तेव्हा ती बहुतेकदा कंपनीने टाकलेली नसते. कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने, किंवा त्या ठेकेदाराला माणसं आणून देणाऱ्या एखाद्या पोराने टाकलेली असते. जाहिरातीत कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण तुमचं नाव चढतं ते ठेकेदाराच्या रजिस्टरवर.

म्हणून अ‍ॅप चांगलं की ठेकेदार चांगला, हा वाद सोडा. अ‍ॅपचा फायदा असा की एका दिवसात पाच ठेकेदारांचे दर कळतात. ओळखीच्या ठेकेदाराचा फायदा असा की त्याच्याकडे आधी काम केलेला माणूस तुमच्या गल्लीत सापडतो, आणि पगार वेळेवर मिळतो का ते त्याला विचारता येतं. दोन्ही वापरा. अ‍ॅपवर दर बघा आणि माणसाची पारख गल्लीत करा.

गुजरात सरकारचं ‘अनुबंधम’ पोर्टलही आहे. त्यावर नोंदणी फुकट आहे आणि जिल्हा रोजगार कार्यालयाच्या भरती मेळाव्यांची माहिती तिथे येते. मेळाव्यात कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र उद्यापासून काम हवं असेल तर तो रस्ता हळू आहे.

अ‍ॅप मराठीत ठेवू, की गुजरातीत?

भाषा बदलली की अ‍ॅपची बटणं आणि रकाने बदलतात. जाहिरातीचा मजकूर ज्याने टाकला त्याच्याच भाषेत राहतो, आणि बडोद्यात तो गुजराती, हिंदी किंवा मोडकंतोडकं इंग्रजी असतो. गुजराती शाळेत शिकला असाल तर गुजरातीच ठेवा. वाचायला जड जात असेल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या, पण फोन स्वतः करा. पगाराची बोलणी दुसऱ्याच्या तोंडून केली की अर्ध्या गोष्टी वाटेतच गळतात.

एक सेटिंग मात्र नक्की बघा. अ‍ॅपमध्ये ‘वडोदरा’ निवडलं की हलोलच्या जाहिरातीही येतात. हलोल पंचमहाल जिल्ह्यात, इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. कंपनीची बस नसेल तर दांडिया बाजार किंवा वाडीतून रोज तिकडे जाणं-येणं पगारातला मोठा तुकडा खातं. बस असली तरी ती कोणत्या नाक्यावरून आणि किती वाजता सुटते ते विचारा. सातच्या पाळीसाठी पाच वाजता नाक्यावर उभं राहावं लागत असेल तर तुमचा दिवस बारा तासांचा नसून पंधराचा आहे.

मी सातवीपर्यंत शिकलोय. जाहिरातीत ‘दहावी पास’ लिहिलंय. अर्ज करू का?

हेल्परच्या कामाला करा. पुष्कळ ठेकेदार दहावीची अट सवयीने लिहितात आणि गेटवर कोणी निकाल मागत नाही. शिक्षण मात्र खरं तेच लिहा. ‘दहावी लिहून टाक’ असा सल्ला देणारे भेटतील, पण पुढे कंपनीने कायम करायचं म्हणून कागद मागितले की तिथेच गाडी अडते.

शिक्षणापेक्षा कामाचा रकाना नीट भरा. भरती करणारा माणूस अ‍ॅपवर तुमची गोष्ट वाचत बसत नाही, तो शब्द टाकून यादी गाळतो. ‘कंपनीत तीन वर्षं काम केलं’ याने तुम्ही कोणत्याच यादीत येत नाही. ‘पॉवर प्रेस, पॅकिंग, हँड पॅलेट ट्रक’ असं लिहिलं तर येता. मशीनचं नाव, माल कसला होता आणि पाळी कोणती केली, एवढं पुरे.

जाहिरातीत ‘पगार 18,000’ आहे. खरंच हातात किती येतो?

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

जाहिरातीतला आकडा आठ तासांचा नसतो. तो बहुतेक वेळा बारा तास आणि सव्वीस दिवसांचा असतो, आणि एकही खाडा होणार नाही असं धरलेला असतो. त्यामुळे महिन्याचा पगार विचारून काही कळत नाही. आठ तासांची हाजरी, म्हणजे दिवसाची मजुरी किती, हे विचारावं लागतं. बाकी सगळं त्या एका आकड्यातून निघतं.

हिशोबाच्या सोयीसाठी आठ तासांची हाजरी 500 रुपये धरू. सव्वीस दिवसांचे 13,000 झाले. रोज चार तास जादा, म्हणजे महिन्याला 104 तास ओव्हरटाइम. ठेकेदार तो ‘सिंगल’ देत असेल तर तासाला साडेबासष्ट रुपयांप्रमाणे 6,500 होतात. एकूण 19,500. यातून पीएफ कापला जातो, मूळ 13,000 वर 12 टक्के, म्हणजे 1,560. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही. ईएसआय, म्हणजे आजारपणाचा आणि इजेचा सरकारी विमा, हाही मूळ पगारावरच लागतो, 13,000 वर पाऊण टक्का, म्हणजे 98. उरले 17,842. जाहिरातीतले ‘अठरा हजार’ ते हेच.

आता हाच हिशोब कायद्याने करू. जादा तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मजुरी द्यावी लागते. म्हणजे त्याच 104 तासांचे 13,000 व्हायला हवेत, आणि एकूण 26,000. सिंगल आणि डबल यांच्यातला फरक महिन्याला 6,500 रुपयांचा पडतो. शिवाय महिनोन्‌महिने रोज चार तास ओव्हरटाइम कायद्याच्या मर्यादेत बसतच नाही. म्हणून काही ठिकाणी स्लिपवर ओव्हरटाइम दिसत नाही. तो ‘इन्सेंटिव्ह’ नावाने येतो, किंवा पाकिटात रोख मिळतो.

इथे सगळे सिंगलच देतात असं तुम्हाला ठेकेदार सांगेल, आणि तो फारसं खोटं बोलत नसेल. तरी फोनवर विचारा. सिंगल असल्याचं माहीत असताना हो म्हणणं वेगळं, आणि महिनाअखेर कळणं वेगळं.

वरचे 500 हा सरकारी दर समजू नका. गुजरातमधला किमान वेतनाचा दर महागाई भत्त्यासह वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. चालू दर बघून मग ठेकेदाराची हाजरी त्याच्याशी ताडून पाहा.

ठेकेदार म्हणतो, ‘पीएफ-ईएसआयचे पंचवीस टक्के कापू’. बरोबर आहे का?

नाही. तुमच्या बाजूने पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचा पाऊण टक्का एवढंच कापता येतं. मालकाचा हिस्सा मालकाने भरायचा असतो: पीएफचे 12 टक्के, त्यावर प्रशासन आणि विम्याचा साधारण एक टक्का, आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के. तो तुमच्या मजुरीतून घ्यायला कायद्याने बंदी आहे.

यात ठेकेदाराला काय मिळतं ते समजून घेण्यासारखं आहे. ठेकेदार कंपनीला जे बिल लावतो त्यात साधारणपणे तुमची हाजरी, मालकाच्या वाट्याचा पीएफ, ईएसआय, बोनस आणि वर त्याचं कमिशन असं सगळं असतं. म्हणजे मालकाचा हिस्सा त्याला कंपनीकडून मिळालेला असतो. तोच तुमच्याकडूनही कापला तर एकाच खर्चाचे पैसे त्याने दोनदा घेतले. वरच्या उदाहरणात हा जादा कापलेला भाग महिन्याला 2,100 रुपयांच्या पुढे जातो आणि हातात 17,842 ऐवजी पावणेसोळा हजारांच्या आतच येतात.

हे ओळखायला स्लिपपेक्षा पीएफचं पासबुक बरं. स्लिप ठेकेदार छापतो, पासबुक तो छापत नाही. 13,000 मूळ पगारावर पासबुकात तीन आकडे दिसायला हवेत: तुमचा हिस्सा 1,560, मालकाचा 477 आणि पेन्शनचा 1,083. मालकाचे दोन आकडे मिळवले की तेही 1,560 होतात. ही बेरीज पासबुकात जमली, पण स्लिपवर तुमच्याकडून 1,560 पेक्षा जास्त कापलं, तर दुसरा हिस्साही तुमच्याच खिशातून गेला. आणि स्लिपवर 1,560 कापून पासबुक कोरं असेल तर पैसे भरलेच गेले नाहीत.

एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून पहिल्या पगारालाच घाबरू नका, पण दुसरा पगार झाल्यावर वीस तारखेच्या सुमारास जरूर बघा. स्मार्टफोन नसेल तर यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकाला जोडलेल्या फोन नंबरवरून 9966044425 वर मिस्ड कॉल द्या, किंवा मराठीत उत्तर हवं असेल तर 7738299899 वर असा मेसेज पाठवा:

```
EPFOHO UAN MAR
```

यूएएन चालू केलेला आणि आधारशी जोडलेला असावा लागतो. नसेल तर उमंग अ‍ॅपवरून चेहरा दाखवून चालू करता येतो.

मग पीएफ नकोच, सगळे रोख द्या, असं म्हटलं तर?

तसं म्हणणारे बरेच आहेत, आणि भाडं-किराणा भागवताना महिन्याचे दीड हजार दिसतात हे खरं आहे. पण तुम्ही नको म्हटलं म्हणून ठेकेदार तुम्हाला दीड हजार जादा देत नाही. तो मालकाचाही दीड हजार वाचवतो. आणि पीएफ-ईएसआय नाही याचा अर्थ रजिस्टरवर तुम्ही नाही. बोट मशीनमध्ये गेलं तर तुम्ही त्या दिवशी कंपनीत होता हे दाखवणारा कागदच नसतो.

ईएसआय चालू असेल तर कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. साध्या आजारपणाच्या भरपाईला सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात किमान 78 दिवसांचं योगदान लागतं, इजेला तशी अट नाही. कामावर लागल्यावर ई-पहचान कार्डाची प्रत मागून घ्या, आणि त्यावर घरच्यांची नावं चढली आहेत का ते बघा. बायको-मुलांचे उपचारही त्याच कार्डावर होतात, आणि नावं घालायला ठेकेदाराचा कारकून हमखास विसरतो.

फोनवर नेमकं काय विचारायचं?

चार प्रश्न पुरतात. गुजरातीत सरळ विचारा: ‘आठ कलाकनी हाजरी केटली?’ मग ‘ओवरटाइम सिंगल के डबल?’ मग पीएफ पहिल्या दिवसापासून लागतो का, आणि शेवटी पगार कोणत्या तारखेला आणि कोणाच्या खात्यातून येतो.

उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा बघा. रोज माणसं लावणाऱ्या ठेकेदाराला हाजरीचा आकडा तोंडपाठ असतो, तो तिथल्या तिथे सांगतो. ‘आधी ये तर खरं, मग बोलू’ असं म्हणणारा बहुतेक मधला माणूस असतो, ज्याला डोकं मोजून पैसे मिळतात. तुम्ही गेटपर्यंत पोचलात की त्याचं काम झालं. जागा भरल्या तरी जाहिरात का दिसत राहते, याचंही हेच कारण आहे. नंबर गोळा होत राहतात.

नोंदणी, युनिफॉर्म, गेटपास यांसाठी आधी पैसे मागतात. द्यावेत का?

देऊ नका. वर नाव घेतलेली अ‍ॅप काम शोधणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत, जाहिरात देणाऱ्याकडून घेतात. खरा ठेकेदार बूट किंवा युनिफॉर्मचे पैसे घेतो तेव्हा ते पहिल्या पगारातून कापतो, यूपीआयवर आधी मागत नाही. विमानतळ, मोठं हॉस्पिटल किंवा नावाजलेली कंपनी, त्यात ऑफिसातलं काम, पगार पंचवीस हजार आणि आज शेवटची तारीख, असा मेळ दिसला की फसवणूक आहे असं समजा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

मूळ आधार कार्ड जमा करून घेतात. देऊ का?

नाही. प्रत द्या, आणि प्रतीवर कंपनीचं नाव, तारीख आणि ‘कामासाठी’ एवढं लिहून सही करा. एटीएम कार्ड तर मुळीच देऊ नका. मजुरांच्या नावाने खाती उघडून कार्डं स्वतःकडे ठेवायची आणि पगार जमा झाला की त्यातला भाग काढून घ्यायचा, ही ठेकेदारांची जुनी युक्ती आहे.

आधारवर आणि बँकेत नाव वेगळं आहे. चालेल का?

आज चालेल, पीएफ काढताना अडेल. आपल्या लोकांची ही खास अडचण आहे. गुजरातीतून इंग्रजीत जाताना आडनावाची स्पेलिंगं बदलतात. भोसले एका कागदावर Bhosle असतात, दुसऱ्यावर Bhonsle. बायकांचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं आधारवर, हेही नेहमीचं. पीएफचं खातं आधारशी जुळावं लागतं, म्हणून आधी आधार सुधारा आणि बाकीचे कागद त्यावर आणा. उलट दिशेने गेलात तर दोनदा रांगेत उभं राहाल.

कंपनी तीच, पण दर वर्षी ठेकेदार बदलतो. मी काय करायचं?

यूएएन लिहून ठेवा आणि नव्या ठेकेदाराला पहिल्या दिवशी तोच द्या. यूएएन माणसाचा असतो, ठेकेदाराचा नव्हे. ‘नवीन काढू, पटकन होतं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. एकाच माणसाचे तीन-तीन यूएएन झालेले बघायला मिळतात, आणि ते एकत्र करताना सोडून गेलेल्या ठेकेदाराची सही हवी म्हणून लोक फिरत राहतात.

रात्रपाळीला बायकांना घेतात. जावं का?

संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. व्यवहारात प्रश्न एकच विचारा: गाडी घराच्या दाराशी सोडते की नाक्यावर? पॅकिंगची कामं नंदेसरी किंवा सावलीकडे पाळ्यांमध्ये चालतात, आणि रात्री अकराला नाक्यावर उतरवणारी गाडी ही व्यवस्था नव्हे. ओळखीच्या दोघी-तिघी एकाच पाळीला लागत असतील तरच आम्ही हो म्हणू.

ठेकेदाराने पगार दिलाच नाही तर?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब पुरा करावा लागतो. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये हे आहे, आणि नेमणुकीचं पत्रही प्रत्येकाला द्यायचं आहे. पत्र मागा. नाही मिळालं तर निदान गेटपासचा आणि हजेरी कार्डाचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवा.

ठेकेदार पळाला किंवा टाळत राहिला तरी गोष्ट तिथे संपत नाही. ठेक्यावरच्या माणसाची मजुरी ठेकेदाराने थकवली तर ती देण्याची जबाबदारी ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर येते, आणि ती पुढे ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घेते. म्हणून पहिली फेरी कंपनीच्या एचआर किंवा टाइम ऑफिसकडे मारा, आणि ती एकट्याने नाही तर ज्यांचे पैसे अडकलेत त्या सगळ्यांनी मिळून. गेटपासचे फोटो असले की ‘तू आमच्याकडे नव्हतासच’ हे उत्तर देता येत नाही. तिथे नाही झालं तर श्रम कार्यालयात लेखी अर्ज. पीएफ कापून भरला नसेल तर तक्रार epfigms.gov.in वर, किंवा फोन 14470.

काम सोडताना काय बघायचं?

पीएफवर ‘काम सोडल्याची तारीख’ चढली पाहिजे. ती नसेल तर पुढे पैसे काढणं अडतं. ठेकेदाराने ती घातली नाही, तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर तुम्हाला स्वतःला पोर्टलवर घालता येते, त्यासाठी त्याच्या मागे फिरावं लागत नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, तेव्हा रिचार्ज संपला म्हणून तो नंबर बंद पडू देऊ नका.

उचल घेतली असेल तर ती किती फिटली हे सोडण्याच्या दिवशीच ठेकेदाराकडून लिहून घ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवायला सांगा. तोंडी हिशोबात उचल कधी कमी होत नाही.